मदत हवी आहे: साडी सेलचं हलतं बॅनर १५० केबीत बसत नाही

पदर_पिक्सेल: मावशीच्या दुकानाच्या दिवाळी सेलसाठी ३०० बाय २५०चं जीआयएफ करतेय. पैठणीचा फोटो हळूहळू जवळ येतो आणि त्यावर ‘५०% सूट’ उमटतं. २४ फ्रेम, १.३ एमबी. जाहिरातवाल्यांना १५० केबीच्या आत हवंय. ३२ रंगांवर आणलं तर जरीचा पार चिखल झाला. गिम्प वापरते. कुठे चुकतंय?

सरळसोट: २४च्या ६ फ्रेम कर, झालं.

रातकिडा: निम्मं बरोबर. ६ केल्या तरी सव्वातीनशे केबी होतीलच. खरी खादाड गोष्ट म्हणजे तो जवळ येणारा फोटो. फोटो सरकला की प्रत्येक ठिपका बदलतो आणि दर फ्रेमला अख्खं चित्र नव्याने साठवावं लागतं. फोटो पहिल्या फ्रेममध्ये स्थिर ठेव. खाली सपाट मरून पट्टी घे आणि पुढच्या दोन फ्रेममध्ये तेवढा तुकडाच बदल. गिम्पमध्ये वरच्या थरांना अशी नावं दे:

```
soot (1500ms) (combine)
tarikh (2000ms) (combine)
```

फोटोच्या थराला 1500ms. तारखेचा थर मरून रंगासकट हवा, नाहीतर मागची ‘५०%’ डोकावत राहील. मग:

```
gifsicle -O3 --colors 128 a.gif -o b.gif
gifsicle --info b.gif
```

दुसऱ्या कमांडमध्ये पहिल्या फ्रेमनंतरही 300x250च दिसलं, तर कुठेतरी पार्श्वभूमी अजून हलतेय.

गल्ल्यावरून: आमच्या दारावरची एलईडी पट्टी दोन फ्रेमवर चालते. लुकलुकली की गिऱ्हाईक आत.

रातकिडा: काका, ती पट्टी वेगळी, तिला केबीची चिंता नाही :)

पदर_पिक्सेल: केलं. ७१ केबी! `--info` मध्ये पट्टीचा तुकडा 300x60 दिसतोय. पण जरीच्या कडेला रंगांच्या पायऱ्या दिसतात. डिदरिंग चालू केलं की जरी छान दिसते, पण फाइल १०४ होते.

रातकिडा: १०४ही मर्यादेत आहे, ठेव की. डिदरिंगची रवाळ नक्षी नीट दाबली जात नाही म्हणून आकार वाढतो. फक्त ती मरून पट्टीवर पसरू देऊ नकोस, तिथे अक्षरं किरकिरी दिसतात. आणि ‘५०% सूट’ पहिल्याच फ्रेमच्या कोपऱ्यात छोटी टाक. जुन्या आउटलुकमध्ये बॅनर ईमेलने गेलं तर पहिलीच फ्रेम दिसते.

सरळसोट: १२८ ऐवजी २५६ रंग घेतले तर डिदरिंग लागणारच नाही.

रातकिडा: पैठणीच्या मोराला २५६ही कमी पडतात. करून बघ.

पदर_पिक्सेल: एक राहिलं. हालचाल ३० सेकंदांत थांबायला हवी म्हणतात. माझी फेरी ५ सेकंदांची. `--loopcount=6` दिलं तर सहा फेऱ्या की सात?

रातकिडा: पहिली फेरी मोजायची की नाही, यावर सगळीकडे एकमत नाही. मी ५ देतो, म्हणजे कसंही मोजलं तरी आत.

पदर_पिक्सेल: ५ दिलं. मावशी म्हणते, मोर हलत नाही, मग उपयोग काय. आता तिला कसं पटवू?