मदत हवी आहे: गिरणीच्या पिठाच्या पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात, परत पॅकेटवर जाऊ का?

चकलीचा_सोऱ्या:
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, घरात चार माणसं, रोजच्या १६-१८ पोळ्या. गेली पाच-सहा वर्षं पॅकेटची कणीक वापरत होतो आणि खरं सांगायचं तर काही तक्रार नव्हती. दिवाळीनंतर सासूबाई राहायला आल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी "हे काय पीठ, याला वासच नाही" असं म्हटलं आणि मग लोकवन गहू आणून गिरणीत दळायला सुरुवात झाली. चव चांगली आहे, ते मी मान्य करते. पण सकाळी सातला केलेली पोळी नवऱ्याच्या डब्यात एक वाजता वातड झालेली असते, कडा तर पापडासारख्या. पॅकेटच्या पोळ्या संध्याकाळीसुद्धा मऊ असायच्या. तेल, मीठ, तवा, मळणारी बाई (म्हणजे मी) सगळं तेच आहे.

वर आणि हिशोब केला तर पैसेही वाचत नाहीयेत. गहू ४२ रुपये किलो, दळण ८ रुपये किलो, म्हणजे १० किलोचे ५०० झाले. निवडताना खडे-काडी जाते, थोडं गिरणीत राहतं, घरी आणल्यावर सासूबाई बारीक चाळणीने कोंडा काढतात, हातात येतं ९.३ किलोच्या आसपास. म्हणजे किलोला ५४ रुपये पडले, आणि पॅकेट मला ५ किलोचं २६० ला मिळतं. मग मी ही पिशवी घेऊन गिरणीच्या रांगेत का उभी राहतेय हे कोणीतरी सांगा. काय चुकतंय?

निवांत_पाटील:
ताई पॅकेटची पोळी मऊ राहते कारण त्यात मैदा घालतात आणि केमिकल मारतात, तीन महिने पीठ टिकतंच कसं नाहीतर? आपलं घरचं पीठ पंधरा दिवसांत किडतं म्हणजेच ते खरं असतं. पीठ पाण्याखाली धुवून बघा, रबरासारखा गोळा उरतो. आम्ही तर खपली गहू खातो.

माजघर:
अहो तो रबराचा गोळा कुठल्याही गव्हाच्या पिठाचा उरतो, तुमच्या गिरणीच्या पिठाचा पण उरेल, करून बघा. ते ग्लुटेन आहे, त्यानेच पोळी लाटली जाते. आणि खपलीत ते अगदी कमजोर असतं, तिची पोळी चिरत जाते, डब्याच्या प्रश्नाला ती काही उत्तर नाही.

दगडीजातं:
वडिलांची गिरणी होती, कॉलेजला असल्यापासून ११ वर्षं मीच चालवली, आता बंद केली. त्यामुळे दोन्ही बाजूने बोलतो.

मैद्याचं म्हणाल तर पाकिटामागे घटक छापलेले असतात ते वाचावं, नुसता गहू लिहिलेला असेल तर तो विषय तिथेच संपला. टिकतं कारण पीठ कोरडं असताना, थंड करून, बंद पाकिटात भरलेलं असतं. तरी ते अमर नाही, गव्हाच्या अंकुरातलं तेल हळूहळू खवट होतंच. मुदत संपत आलेलं पॅकेट फोडून चिमूटभर जिभेवर ठेवा, कडवट लागेल.

मऊपणाचं खरं कारण पाणी. कंपनीत गहू दळायच्या आधी थोडं पाणी मारून काही तास मुरवतात, मग बारीक आणि दाबून दळतात. त्याने पिठातला स्टार्च जास्त फुटतो आणि फुटलेला स्टार्च पाणी जास्त पितो. पोळीत पाणी जास्त राहिलं की ती उशिरा वातड होते, एवढंच. आपल्या गिरणीचं पीठ त्यामानाने भरड, त्यातला कोंडा पाणी पितो पण सावकाश. तुम्ही कणीक मळता तेव्हा ती हाताला बरोबर लागते, अर्ध्या तासाने तीच घट्ट होते, कारण कोंड्याने पाणी ओढून घेतलं. तुम्ही मळून लगेच लाटत असाल तर ते ओढणं पोळीत आणि डब्यात चालू राहतं. आता मला सांगा, मळल्यावर किती वेळ ठेवता? आणि पीठ गिरणीतून घेता तेव्हा किती गरम असतं?

चकलीचा_सोऱ्या:
काका बरोबर पकडलंत. सकाळी सातला पोळ्या व्हायला हव्यात म्हणून साडेसहाला मळते आणि दहा मिनिटांत लाटायला घेते, पॅकेटच्या पिठाला तेवढं पुरायचं. पीठ गरम असतं, पिशवी मांडीवर ठेवून रिक्षात बसवत नाही इतकं. घरी आल्या आल्या डब्यात भरून झाकण लावते. सासूबाई गहू दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात घालतात, ते पण सांगते, कदाचित संबंध असेल.

भाकरी_प्रेमी:
माझाही सेम प्रॉब्लेम, ज्वारीच्या भाकऱ्या थापताना चिरतात, पीठ गिरणीचंच आहे, उकळतं पाणी घालते तरी. काय करू?

माजघर:
@भाकरी_प्रेमी ज्वारीचं गणित वेगळं आहे हो, पीठ जुनं झालं असेल तर विरी जाते. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

दगडीजातं:
संबंध आहेच. दोन दिवस कडक उन्हात तापलेल्या गव्हाची साल ठिसूळ होते, दगडाखाली तिचा भुगा होतो आणि तो चाळणीतून पिठात उतरतो. पीठ काळपट दिसतं. एक ऊन पुरे, तेही सावलीत आणून पूर्ण गार झाल्यावर दळायला द्या. पण आता उलट टोकाला जाऊन घरी गहू ओलवून नेऊ नका, ओलसर गव्हाने दगड चिकटतो आणि गिरणीवाला परत पाठवेल, वर पिठाला बुरशी.

गरम पिठाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच गिरण्यांत फरक पडतो. दळून आलेलं पीठ कोमट असणारच. पण पीठ जिथे पडतं तिथे हात धरवत नाही आणि जळकट वास येतो, तर दगड गुळगुळीत झालेत. दगडाला खाचा असतात, त्या धान्य कापतात. खाचा झिजल्या की दगड कापायचा सोडून घासायला लागतो, मग मालक बारीक पीठ काढायला दगड आवळतो, आणखी तापतं. असं पीठ मळल्यावर ताणायला जाल तर तुटतं, त्याची पोळी कितीही तेल लावा, वातडच. उपाय म्हणजे दगड टाकवणे, म्हणजे त्या खाचा परत कोरून घेणे. गिरणीवाल्याला सरळ विचारा, "दगड कधी टाकवलेत?" चांगला माणूस रागावत नाही, पण टाळाटाळ केली तर समजून जा. फक्त टाकवल्या दिवशी दळण नेऊ नका, पहिल्या काही दळणांत दगडाची कचकच उतरते. आम्ही स्वतःची भरड त्यात घालायचो, गिऱ्हाइकाची नाही.

आणि गरम पीठ डब्यात बंद केलं की वाफ धरते, गुठळ्या होतात, कुबट वास येतो आणि किडे लवकर लागतात. परातीत नाहीतर कागदावर पसरून तासभर गार होऊ द्या.

आता घरी एक प्रयोग करा. २०० ग्रॅम पॅकेटचं, २०० ग्रॅम गिरणीचं, पाणी मापाने घाला, आणि काय होतं ते इथे लिहा.

सदाशिव_कट्टा:
एक राहिलं. तुमच्या आधी कोणाचं दळण होतं ते बघत जा. आमच्या सौ. गव्हाचं दळण नेहमी गव्हावरच घालायला सांगतात, आधी डाळीचं पीठ निघालं असेल तर पहिला पाव किलो त्याचाच वास. घरी कोणाला ग्लुटेन चालत नसेल तर गिरणीत ज्वारीचं पीठसुद्धा घेऊ नका, गव्हाची भेसळ होतेच होते. बाकी मी म्हणतो दोन्ही सोडा, घरघंटी घ्या!

निवांत_पाटील:
घरघंटीचा आवाज ऐकलाय का? शेजारच्यांची परवानगी काढावी लागते.

चकलीचा_सोऱ्या:
प्रयोग केला (सासूबाई शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या, साक्षीदार). पॅकेटच्या २०० ग्रॅमला १४० मिली पाणी लागलं. गिरणीच्या पिठाला १२० मिलीतच कणीक तयार झाली असं वाटलं. झाकून ठेवली, ४० मिनिटांनी बघते तर गोळा घट्ट, अजून १२ मिली पाणी हाताने मुरवावं लागलं तेव्हा कुठे पॅकेटच्यासारखी झाली. म्हणजे इतके दिवस मी दर २०० ग्रॅमला जवळजवळ एक मोठा चमचा पाणी कमी घालत होते, आणि ते रोज.

मग तीन तऱ्हेच्या पोळ्या केल्या, सुती फडक्यात गुंडाळून वेगवेगळ्या डब्यांत. नेहमीच्या पद्धतीची एक वाजता वातड. सैल मळून ४० मिनिटं ठेवलेली दुपारी छान मऊ, संध्याकाळी जरा घट्ट. पॅकेटची संध्याकाळीही मऊ. चवीला दुसरी सगळ्यात चांगली, यात मुलंसुद्धा सासूबाईंच्या बाजूने गेली.

गिरणीवाल्याला विचारलं. "टाकवायचेत अजून" म्हणाला. म्हणजे चार-सहा महिने तरी झाले असावेत असा माझा अंदाज. चौकापलीकडची दुसरी गिरणी बघितली, तिथलं पीठ कोमटच होतं, पण रांग मोठी.

दगडीजातं:
मोठ्या रांगेचा दगड रोज चालतो, म्हणून मालक वेळेवर टाकवतो. सकाळी पहिल्या तासात जा, तेव्हा यंत्रही तापलेलं नसतं. "पोळीचं, बारीक" असं सांगायचं. आणि दहा किलो एकदम दळू नका. तुमच्या घरी दिवसाला अर्धा किलो पीठ लागत असेल, पाच किलो दहा दिवसांत संपतं, तोवर ना वास जातो ना किडे लागतात. गहू नीट ठेवला तर महिनोन्महिने राहतो, पीठ नाही.

तुमचा हिशोब मात्र बरोबर आहे, पाच-दहा किलो दुकानातून गहू घेऊन कोणी वाचवत नाही. वाचतं ते एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू पोत्याने भरून ठेवणाऱ्याचं, आणि त्याला जागा हवी, एरंडेल चोळायला माणूस हवा.

चकलीचा_सोऱ्या:
जागा नाही, माणूस आहे, स्टुलावर बसलाय. कोंडा चाळण्याबद्दल मात्र आमचं अजून जमलेलं नाही. मी म्हणते चाळायचा नाही, त्या म्हणतात चाळल्याशिवाय पोळी काळी येते. सैल मळली तर न चाळता जमेल का?

माजघर:
मी साध्या चाळणीने चाळते, फक्त जाड फोलपटं जातात. मैद्याची चाळणी लावली तर ५४ रुपयांतले काही तुम्ही स्वतःच टाकताय.

दगडीजातं:
न चाळता जमेल, पण मग ४० मिनिटं पुरणार नाहीत, तासभर ठेवून बघा. किंवा रात्री मळून फ्रिजमध्ये. त्याची चव मला स्वतःला आवडत नाही, काही जणांना चालते.

चकलीचा_सोऱ्या:
रात्रीची कणीक या घरात चालणार नाही, कारण विचारू नका. साडेपाचचा गजर लावते. डब्याच्या दिवशी तूर्तास पॅकेट, शनिवार-रविवार गिरणीचं, असा तह झालाय. बघते किती टिकतो.