शेतकरी ‘डावणी’ शोधतो, लेखात ‘केवडा’ असतो: शब्द कोणी बदलायचे?

ओझरकर (धागा सुरू करणारे)
आमच्या शेतकरी गटाने जुन्या कृषी लेखांचा संग्रह शोधता येईल असा करून ठेवलाय. पण द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगासाठी शोधात ‘डावणी’ टाकलं की काहीच येत नाही, कारण लेखात त्याच रोगाला ‘केवडा’ लिहिलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: लेखकांनी एक प्रमाण शब्द ठरवावा आणि सगळ्यांनी तोच वापरावा. समानार्थी शब्दांच्या याद्या करत बसणं हे न संपणारं काम आहे. पटतंय का?

द्राक्षवाला_तासगाव
नाही पटत. प्रमाण शब्द म्हणजे कुणाचा? औषधाच्या दुकानात आम्ही ‘डाउनी’ म्हणतो, बागेत मजुरांशी बोलताना ‘डावणी’. ‘केवडा’ मी फक्त छापील लेखात वाचलाय. आणि रात्री अकराला मोबाईलवर शोधणारा माणूस रोगाचं नाव टाकेलच असंही नाही. तो लिहितो ‘द्राक्ष पानावर तेलकट डाग, मागून पांढरी बुरशी’. त्याला नाव माहीत असतं तर तो शोधत कशाला बसला असता?

शब्दसूची
ग्रंथालयात सूचीचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ओझरकर, प्रमाण शब्दाचा आग्रह टिकत नाही याला जुना पुरावा आहे. १९८७ साली फर्नास, लँडॉअर, गोमेझ आणि ड्यूमे यांनी माणसं एकाच गोष्टीला कोणती नावं देतात हे मोजलं. दोन माणसांनी आपणहून एकच शब्द निवडण्याची शक्यता पाचात एकाहूनही कमी निघाली. त्यातली सगळी माणसं आपापल्या जागी बरोबरच होती.

त्याआधी १९८५ साली ब्लेअर आणि मॅरॉन यांनी एका मोठ्या खटल्याच्या सुमारे ४०,००० कागदपत्रांवर शोधाची परीक्षा घेतली. वकिलांना वाटत होतं की कामाचे निदान ७५ टक्के कागद हाती आलेत. प्रत्यक्षात सुमारे २० टक्केच आले होते. वकील ‘अपघात’ शोधत होते. दोष देणाऱ्यांनी ‘अपघात’ असंच लिहिलं होतं, पण ज्यांच्या अंगाशी प्रकरण येण्यासारखं होतं त्यांनी ‘घटना’, ‘अडचण’, ‘दुर्दैवी परिस्थिती’ असे शब्द वापरले होते. त्या लोकांना कोणता प्रमाण शब्द सक्तीचा करणार होतात? आणि या गोष्टीतला खरा धोका असा की वकिलांना काही राहून गेल्याची शंकाही आली नाही. तुमचा ‘डावणी’चा शोध रिकामा परत आला, म्हणून निदान तुम्हाला कळलं तरी.

कोड_आणि_कांदा
एवढा खल कशाला? आता व्हेक्टर शोध आहे. मजकुराचे आकडे करा, अर्थाने जवळचं ते जवळ येतं. शब्द जुळायची गरजच उरत नाही, याद्या गेल्या इतिहासात. तासगावकरांचं ‘तेलकट डाग’वालं वाक्यसुद्धा बरोबर लेखापर्यंत पोचेल.

शब्दसूची
त्या वाक्याबद्दल तुमचं बरोबर आहे. लक्षणांचं लांब वर्णन असेल तर व्हेक्टर शोध यादीपेक्षा सरस ठरतो, मीही तो वापरते. पण एका शब्दाच्या शोधात घात होतो. ‘डावणी’ आणि ‘भुरी’ बघा. दोन्ही द्राक्षावरचे बुरशीजन्य रोग, दोन्ही नावं त्याच लेखांत, तशाच वाक्यांत येतात. त्यामुळे आकड्यांच्या हिशोबात ती शेजारी-शेजारी बसतात. बागेत मात्र भुरीवर गंधक चालतं आणि डावणीवर त्याचा उपयोग होत नाही. ‘जवळचं’ आणि ‘तेच’ यातला फरक तिथे नेमका निसटतो. म्हणून लेख गोळा करायला दोन्ही रीती वापराव्यात, पण नेमका शब्द जुळलेला लेख वर राहील असं बघावं.

द्राक्षवाला_तासगाव
हे शंभर टक्के खरं. डावणीला भुरीचा फवारा बसला की औषध वाया जातंच, शिवाय हातातले चार दिवस जातात. पावसाळी हवेत तेवढ्यात घड गेलेले असतात.

मडगावहून
माझाही असाच प्रश्न आहे. वडिलांच्या जमिनीसाठी मी गोव्याचा ‘सातबारा’ शोधत होते, काहीच सापडेना. इथे त्याच कामाच्या उताऱ्याला ‘फॉर्म १ आणि १४’ म्हणतात. यादीत दोन्ही एकत्र घातले की झालं ना? ऱ्हस्व-दीर्घाची भानगडही त्यातच मिटेल.

शब्दसूची
ऱ्हस्व-दीर्घ हा वेगळा आणि सोपा प्रश्न आहे. ‘डाउनी’ आणि ‘डाऊनी’ डोळे मिटून एक करा. पण सातबारा आणि फॉर्म १ व १४ हे दोन राज्यांचे वेगवेगळे दस्तऐवज आहेत. शोधणाऱ्याला दुसऱ्याकडे वाट दाखवा, दोघांना एक समजू नका. ग्रंथालयात ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ अशा दोन वेगळ्या नोंदी असतात त्या यासाठीच.

ओझरकरांच्या यादीतही हीच अडचण येणार. ‘डावणी = केवडा’ असं दोन्ही बाजूंनी जोडलंत की उसाचा शेतकरी फसेल. उसात पानं पिवळी-पांढरी पडतात त्यालाही केवडा म्हणतात आणि तो बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेमुळे येतो. तिथे फेरस सल्फेट लागतं, द्राक्षाचं बुरशीनाशक नाही. बाजरीचा केवडा, ज्याला गोसावीही म्हणतात, तो आणखी निराळा. म्हणून जोड एकाच दिशेने द्या. सोलर या शोधप्रणालीच्या समानार्थी फाइलीत ती अशी लिहितात:

```
डावणी, डाउनी, डाऊनी => डावणी, डाउनी, डाऊनी, केवडा
```

याने ‘डावणी’ शोधणाऱ्याला केवड्याचे लेखही मिळतात, पण ‘केवडा’ शोधणाऱ्यावर डावणी लादली जात नाही. डावणीच्या शोधात बाजरीचे लेख वर येऊ नयेत म्हणून द्राक्षाच्या लेखांना जास्त वजन द्या. बाकी पिकं गाळून मात्र टाकू नका, डावणी काकडीवरही येते. ही जोड शोधाच्या वेळी लावा, म्हणजे यादी बदलली की सगळा संग्रह पुन्हा अनुक्रमित करावा लागणार नाही. आणि प्रत्यय आधी काढा. लेखात ‘केवड्यासाठी’, ‘केवड्यामुळे’ असंच जास्त असतं. त्यांचं मूळ ‘केवडा’पर्यंत पोचलं नाही तर यादी असून नसल्यासारखी.

ओझरकर
एकदिशेची जोड पटली. पण माझा मूळ आक्षेप कायम आहे. ही यादी सांभाळणार कोण? दर हंगामात नवा शब्द येतो, आमच्याकडे त्यासाठी माणूस नाही.

शब्दसूची
शब्द सुचवायला लोक बसवू नका, शोधाची नोंदवही बघा. रिकामे गेलेले शोध तर बघाच, पण त्याहून उपयोगी म्हणजे एकाच माणसाने लागोपाठ बदलत नेलेले शब्द. ‘डावणी’ टाकलं, काही नाही; मग ‘डाउनी द्राक्ष’; मग ‘केवडा’, आणि तिथे लेख उघडला. ही साखळी पुन्हा पुन्हा दिसली की जोड यादीत घालण्यालायक झाली. घालण्याआधी शेतीतल्या जाणकाराने ती एकदा तपासायची. काम थोडं आहे, पण ते कुणाच्या तरी नावावर हवं, हे मान्य.

ओझरकर
ठीक. तरी नव्या लेखांत वरच्या ओळीतच ‘शेतकरी याला असंही म्हणतात’ अशी नावं लेखकाने द्यावीत, हा माझा आग्रह मी सोडणार नाही.

द्राक्षवाला_तासगाव
त्याला माझा पाठिंबा. फक्त लेखकाला आमचे शब्द ठाऊक हवेत.

कोड_आणि_कांदा
मग ‘करपा’चं काय करणार? भातावर वेगळा, कांद्यावर वेगळा, टोमॅटोवर वेगळा. शोधणारा नुसतं ‘करपा’ लिहितो. इथे एकाच शब्दाचे अर्थ अनेक आहेत, तिथे तुमची यादी काय करेल?

शब्दसूची
काहीच नाही. मी त्याला ‘कोणतं पीक?’ असं विचारेन आणि उत्तर मिळेपर्यंत पिकानुसार वेगवेगळे गट दाखवेन.

द्राक्षवाला_तासगाव
विचारू नका. प्रश्न आला की आमची माणसं ते बंद करून दुकानदाराला फोन लावतात. गट दाखवा, तेवढं पुरे.