कॅसेटवरचाच आवाज हवा असेल तर

> ॲपवर गाणं सापडतं, पण आवाज भलत्याच गायकाचा. कॅसेटवरचंच कसं शोधायचं?

आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार अण्णा कॅसेटच्या डबीतलं कार्ड समोर ठेवून शोधतात. नुसतं ‘इंद्रायणी काठी’ टाकलं तर नव्या गायकांचीच रांग लागली. Bhimsen Joshi जोडल्यावर मैफलीतलं लांबलेलं गायन वर आलं. त्यांना हवं होतं १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मधलं, पुलंच्या चालीचं. चित्रपटाचं नाव टाकल्यावर ते लागलं, आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून अण्णांनी ते पूर्ण ऐकलं!

कार्डावर एचएमव्ही असेल तर ॲपवर कंपनी म्हणून सारेगामा दिसतं, तेही ताडून बघा. छोट्या स्थानिक कंपन्यांची भजनं मात्र बरीचशी तिथे नाहीतच. त्या कॅसेट कृपया टाकू नका.