‘उत्तरमर्यादा’ म्हणजे आधीची की नंतरची?

ऋजुता
चित्रांचा काळ कसा ठरवतात यावरचा एक लेख मराठीत आणतेय. शैली, कार्बन, झाडाची वलयं, रंगद्रव्यं असं सगळं आहे त्यात. ‘टर्मिनस पोस्ट क्वेम’ हा लॅटिन शब्दप्रयोग पानोपानी येतो. म्हणजे ज्याच्या आधी ती वस्तू तयार झालेली असूच शकत नाही ते वर्ष. मी ‘उत्तरमर्यादा’ केलं, कारण खरी तारीख त्याच्या नंतर कुठेतरी असते. माझं वाक्य होतं, ‘कॅनव्हासची उत्तरमर्यादा १९५९’. संपादकांनी ते सोपं करून ‘कॅनव्हास उशिरात उशिरा १९५९ चा’ असं केलं. चित्र फेर्नां लेजेच्या नावावरचं, त्याच्या १९१३-१४ च्या मालिकेतलं समजून घेतलेलं. लेजे वारला १९५५ मध्ये. मूळ लेखाचं म्हणणं, कापडच तो गेल्यानंतरचं, सबब चित्र नकली. सोप्या केलेल्या वाक्यात ते खुशाल अस्सल ठरतंय! घोळ माझा की त्यांचा?

अप्पा_ज
तुझाच. पूर्वमर्यादा म्हणायचं. आधीची हद्द ती पूर्व, नंतरची ती उत्तर. ग्रंथांचा काळ ठरवताना हेच शब्द वापरतात. आणि मुळात मर्यादा हवी कशाला? कार्बनने थेट वर्ष मिळतं की. ‘कापड १९५९ चं’ म्हण आणि मोकळी हो.

सुमेध
अप्पा, पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, दुसऱ्याला नाही. माझं काम अशाच तपासण्यांचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते चित्र व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहातलं. चित्राला हात न लावता कडेच्या न रंगवलेल्या कापडाचा अगदी लहानसा तुकडा घेतला होता. कापडाचं रोप वाढताना हवेतला कार्बन घेतं आणि कापलं की घेणं थांबतं. हवेत होणाऱ्या अणुचाचण्यांमुळे १९५५ च्या सुमारापासून हवेतल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण चढत गेलं. १९६३ च्या आसपास ते जवळपास दुप्पट झालं आणि चाचण्या थांबल्यावर पुन्हा उतरत आलं. या कापडात ते चाचण्यांपूर्वीच्या पातळीहून स्पष्ट जास्त निघालं. आता गंमत बघा. डोंगर चढताना जी उंची लागते तीच उतरतानाही लागते. त्यामुळे एका मोजमापाला दोन तारखा जुळतात, एक चढणीवरची आणि एक उतरणीवरची. त्यातली अलीकडची धरली तर कापड आणखीच नवं. आधीची धरली तरी १९५९. म्हणून ‘१९५९ चं’ नाही, ‘१९५९ च्या आधीचं नाही’. हा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि हे जमलं ते अणुचाचण्यांमुळे. चित्र १६५० ते १९५० मधलं असतं तर कार्बनचा आलेख इतका हेलकावतो की एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळे काळ जुळले असते.

मैथिली_प
म्हणजे कापड नवं असेल तरच पकडलं जाणार? जुन्या कापडावर नवं चित्र काढलं तर?

सुमेध
तर कापडाची मर्यादा खरीच असते, फक्त निरुपयोगी. खोटं काढणारे जुनी चित्रं विकत घेऊन खरवडतात ते यासाठीच. २०१९ मध्ये झुरिकच्या प्रयोगशाळेने १८६६ ची तारीख घातलेल्या एका चित्राच्या रंगातलं तेलच तपासलं. नमुना एक मिलिग्रॅमहूनही कमी. कापड जुनं, तेल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

शास्त्रीबुवा
‘मर्यादा’ हा शब्दच तपासा. पाणिनी ‘आङ् मर्यादाभिविध्योः’ म्हणतो. हद्द वगळून ती मर्यादा, हद्द धरून तो अभिविधी. मग मर्यादा १९५९ म्हटलं की १९५९ आत की बाहेर? सुमेधरावांच्या अर्थाने ते वर्ष आत असेल तर ‘पूर्वाभिविधी’ म्हणायला हवं.

अप्पा_ज
बुवा, ‘पूर्वाभिविधी’ वाचून लोक लेख मिटवतील.

गौरांग
‘वरची मर्यादा, खालची मर्यादा’ का नको? अर्थात ‘वरची’ म्हणजे जुनी की नवी, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या सरांची वरची म्हणजे जुनी, आणि आलेख काढणाऱ्यांची वरची म्हणजे मोठा आकडा.

नलूमावशी
माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे सासऱ्यांच्या आजोबांचं तैलचित्र आहे. चौकट भक्कम लाकडी, कडेला रेषा स्पष्ट दिसतात. मी भिंग घेऊन चौतीस मोजल्या. म्हणजे चित्र चौतीस वर्षांचं तर नक्कीच नाही, मग हे वलयांचं गणित नेमकं काय असतं?

सुमेध
मावशी, वलयांची संख्या म्हणजे झाडाच्या त्या तुकड्याचं वय, चित्राचं नाही. रुंद-अरुंद वलयांचा क्रम त्याच प्रदेशातल्या त्याच जातीच्या झाडांच्या तारखा लागलेल्या मालिकेशी जुळवावा लागतो. त्याला चौतीस फार कमी, योगायोगाने कुठेही जुळतील. शिवाय चौकट कधीही बदलता येते.

उत्तर युरोपातले चित्रकार ओकच्या फळ्यांवर रंगवत, तिथे हे उत्तम चालतं. पण तिथेही मर्यादाच मिळते. समजा फळीवरचं शेवटचं वलय १४८० चं निघालं. सुतार सालीलगतचं कोवळं, पांढरट लाकूड तासून टाकतो, कारण ते किडतं. बाल्टिक ओकमध्ये अशी निदान ९ वलयं धरतात, म्हणजे झाड १४८९ च्या आधी पडलेलं नाही. लाकूड वाळायला दोन वर्षं धरली तर १४९१. आणि गाभ्याचीही किती वलयं तासली गेली ते कोणालाच माहीत नसतं. रॉटरडॅमच्या संग्रहालयातलं ‘काना येथील लग्न’ पूर्वी हिएरोनिमस बॉशचं मानायचे. बॉश १५१६ मध्ये वारला आणि फळीचं झाड त्यानंतरही कितीतरी वर्षं उभं होतं.

मैथिली_प
रंगद्रव्याचंही असंच? टायटॅनियम पांढरा सापडला की १९२० नंतरचं, असं ऐकलंय.

सुमेध
साधारण तसंच. कांपेनडोंक या चित्रकाराच्या नावावर, १९१४ चं म्हणून विकलेलं ‘घोड्यांसह लाल चित्र’ त्याच रंगाने उघडं पडलं. काढलं होतं बेल्ट्राकी या नकली चित्रं बनवणाऱ्याने. त्याचं म्हणणं, ट्यूबवर फक्त जस्ताचा पांढरा लिहिलेला होता. पण एक सावधगिरी हवी. दुरुस्ती करणाऱ्याने नंतर फासलेल्या ठिपक्यातही टायटॅनियम असतं. नमुना मूळ थरातला हवा, नाहीतर चांगलं चित्र बदनाम होतं.

शास्त्रीबुवा
‘रंगद्रव्य’ की ‘वर्णक’? ‘रंजक’ मात्र चालणार नाही, ते विरघळतं.

गौरांग
वर्णक ऐकून मला वर्णन आठवतं. रंगद्रव्यच राहू दे. ‘वृक्षवलयकालमापन’ आधीच सहन केलंय.

अप्पा_ज
एक सांगा, त्या लेजेच्या चित्राची शंका आली कशी? कोणी उगाच कापड कापत नाही.

सुमेध
शैलीवरून! डग्लस कूपर या क्युबिझमच्या जाणकाराने सत्तरच्या दशकातच ते बघून शंका काढली होती. ती ना सिद्ध होत होती ना मिटत होती, चाळीसेक वर्षं चित्र तसंच अडकून राहिलं. शैली मर्यादा सांगत नाही, ‘सुमारे’ सांगते. आणि नक्कल करणारा नेमकी शैलीच चोरतो.

गौरांग
म्हणजे डोळ्याने ओळखलं, यंत्राने फक्त शिक्का मारला.

सुमेध
डोळा चुकल्याच्या गोष्टी कोणी इतक्या आवडीने सांगत नाही. रॉटरडॅमचं चित्र बॉशचं म्हणणारेही डोळ्यानेच बघत होते.

ऋजुता
लेखात आता लिहिलंय, ‘कापड १९५९ च्या आधीचं असूच शकत नाही’. संपादक विचारतायत, एका शब्दात बसत नाही का?

शास्त्रीबुवा
बसतो. वर दिला आहे.

नलूमावशी
चौकट सागाची आहे हे सांगायचं राहिलं. त्याने काही फरक पडतो का?