लिंबूपाण्याने मुतखडा विरघळतो का?

सांगलीकर:
रोज सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी घ्या, मुतखडा विरघळून जातो. माझ्या काकांचा नऊ मिलिमीटरचा खडा महिन्याभरात नाहीसा झाला. त्यानंतर किडनी साफ करणारा काढा घेतला की पुन्हा खडा होत नाही. डॉक्टर हे सांगणार नाहीत, कारण त्यांचा धंदा बुडेल.

अनघा, जीवरसायन विभाग:
हे वाचून गप्प बसवत नाही, कारण काकांचा खडा कशाचा होता हे न विचारताच उपाय सर्वांना वाटला जात आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते कोणत्याही पेयाने शरीरात विरघळत नाहीत. प्यालेले लिंबू जसेच्या तसे मूत्रपिंडात जाऊन खड्याला भिडते, ही कल्पनाच चुकीची आहे. त्यातील बहुतांश सायट्रिक आम्ल वाटेतच शरीरात वापरले जाते.

तरीही लिंबाला अर्थ नाही असे मी म्हणत नाही. लघवीत सायट्रेट वाढले की ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि स्फटिक मोठे होण्यास अडथळा येतो; म्हणजे उपयोग झालाच तर तो नवा खडा टाळण्यासाठी होईल. इटलीतील बर्गामो येथे वारंवार खडे होणाऱ्या 203 जणांवर प्रयोग झाला, त्यात अर्ध्या लोकांना दिवसातून दोनदा 60 मिलिलिटर लिंबाचा रस दिला गेला. रस घेणाऱ्यांपैकी 21 जणांना आणि न घेणाऱ्यांपैकी 32 जणांना पुन्हा खडा झाला, पण हा फरक योगायोगाने पडलेला नाही असे खात्रीने म्हणता येईल इतका स्पष्ट नव्हता. इतका रस रोज घेणे पोटाला जड जाते आणि लोक हळूहळू सोडून देतात, हेही तिथेच दिसले. आपल्या कागदी लिंबांत हा हिशेब रोजच्या सहा-सात लिंबांवर जातो. पेल्यात पिळलेल्या अर्ध्या फोडीवर नव्हे.

साध्या पाण्याचा पुरावा यापेक्षा भक्कम आहे. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्याच एका अभ्यासात, दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांपैकी पाच वर्षांत 12 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीसारखे पाणी पिणाऱ्यांपैकी 27 टक्के लोकांना झाला. लक्ष लघवीच्या प्रमाणावर ठेवायचे असते, कारण आपल्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्यातील बरेचसे घामावाटे जाते.

राजापूरकर:
ताई, इटलीचे राहू द्या. आमच्याकडे कुळथाच्या कढणाने खडे पडतात आणि ते मी वाटीत पडलेले पाहिले आहेत. माझ्या आजीने निम्म्या गावाला कढण पाजले. तुमच्या तक्त्यात बसत नाही म्हणून ते खोटे ठरते काय?

अनघा:
खडा पडला हे खरेच असणार, राजापूरकर. तो कढणामुळे पडला हे मात्र त्यावरून ठरत नाही. मूत्रवाहिनीत उतरलेले पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे साधारण तीनांपैकी दोन जणांत काही आठवड्यांत आपोआप बाहेर पडतात, मग त्या काळात कुळीथ घ्या, पानफुटी घ्या की नुसते पाणी प्या. ज्यांचे खडे पडले नाहीत, ते आजीकडे सांगायला परत आले का? कढणामुळे पोटात पाणी जाते, तेवढा फायदा मी मान्य करते.

राजापूरकर:
आजीवर शंका घेतलेली मला आवडलेली नाही. पाण्याचा मुद्दा मात्र मान्य करतो, नाइलाजाने.

विद्या, नाशिक:
खडा झाला की दूध, दही, टोमॅटो आणि पालक बंद करावेत, असे आम्हाला सांगितले होते. कॅल्शियमच बंद केले तर खडा कुठून होईल?

अनघा:
पालकाबद्दल तुमचे बरोबर आहे, कारण त्यात ऑक्झलेट खरोखरच भरपूर असते. टोमॅटो विनाकारण बदनाम झाला आहे आणि दुधाबाबत तर उलट घडते. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून शौचावाटे बाहेर नेते. दूध तोडले की ते ऑक्झलेट मोकळे राहून लघवीत उतरते. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या पुरुषांवरील एका अभ्यासात, कॅल्शियम कमी केलेल्या गटात पाच वर्षांत 38 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या गटात हे प्रमाण 20 टक्के होते. बंदी घालायचीच असेल, तर ती पापड-लोणच्यावर घालावी.

मिलिंद:
आता त्या काढ्याविषयी बोलतो. माझ्या वडिलांना खडा नव्हता, फक्त 'किडनी साफ' करायची होती. ओळखीच्या माणसाकडून लेबल नसलेल्या पुड्या आणल्या. काही महिन्यांनी पाय सुजले आणि लघवीला साबणासारखा फेस येऊ लागला. तपासणीत भरपूर प्रथिने निघाली आणि शेवटी बायोप्सी करावी लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पुड्यांचाच.

वैद्य कुलकर्णी:
कुणीतरी पुडी विकतो आणि दोष आयुर्वेदाला लागतो, हे आता असह्य झाले आहे. गोखरू, वरुण, पाषाणभेद या वनस्पती आहेत, त्यांत पारा नसतो. शास्त्रोक्त शोधन केलेले भस्म आणि रस्त्यावरची पूड एकाच तागडीत तोलू नका.

मिलिंद:
वैद्यराज, वडिलांच्या पुडीत काय होते हे त्यांना कोणी सांगितले होते का? तुमचे शास्त्र पुस्तकात शुद्ध असेल, आमच्या घरात मात्र तपकिरी पूड आली.

अनघा:
वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने 2022 मध्ये नेमक्या अशाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मूत्रपिंडाच्या गाळणीच्या एका विशिष्ट आजारात सुमारे तिघांपैकी एकाने पारंपरिक औषधे घेतलेली आढळली आणि जी औषधे तपासता आली, त्यांतील बहुतेकांत पारा निघाला. औषध थांबवल्यावर बहुसंख्य रुग्ण सुधारले. वैद्यांचा वनस्पतींबाबतचा मुद्दा खरा आहे, पण वनस्पती म्हणजे निर्धोक असेही नाही: 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकून शिरलेल्या अॅरिस्टोलोकिया या वनस्पतीने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि केरळात बिलिंबी या आंबट फळाचा रस पिऊन लोक तीव्र मूत्रपिंड विकाराने दाखल झालेले आहेत. कोकणातही ती घरोघरी असते. आमटीत टाकणे वेगळे आणि पेला भरून रस पिणे वेगळे.

वैद्य कुलकर्णी:
लेबल नसलेले औषध कुणीही घेऊ नये, एवढे मी लिहून देतो. मात्र शोधन नीट केलेल्या औषधाबाबत तुमचे निष्कर्ष मला मान्य नाहीत.

शैला:
माझ्या आईचे क्रिएटिनिन 2.4 आहे. तिला लिंबूपाणी द्यावे का?

अनघा:
शैलाताई, आईचा प्रश्न खड्याचा दिसत नाही. क्रिएटिनिन इतके असेल तर मूत्रपिंडे नीट काम करत नसतात, म्हणून पोटॅशियम आणि रोजच्या पाण्याचे प्रमाण तिच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खड्यासाठी मिळणारे पोटॅशियम सायट्रेट तर तिला मुळीच परस्पर देऊ नका.

सांगलीकर:
पण माझ्या काकांचा खडा तर गेलाच ना! कशाने गेला, सांगा.

अनघा:
पुन्हा चाचणी केली होती का? सोनोग्राफीत खडा मोजण्यात काही मिलिमीटरची चूक होऊ शकते, त्यामुळे तो मुळात लहान असून आपोआप पडलाही असेल. तो युरिक आम्लाचा असेल, तर तो खरोखर विरघळू शकतो. असा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतो आणि लघवी सतत आम्लधर्मी असल्याचे आढळते. लघवीचा सामू 6.5 ते 7 पर्यंत नेला, तर काही आठवड्यांत ते खडे आकसतात. मात्र त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोटॅशियम सायट्रेट लागते. लिंबातील सायट्रेट बहुतेक आम्लाच्या रूपातच असल्याने लघवीचा सामू त्याने फारसा वाढत नाही.

सांगलीकर:
पुन्हा चाचणी कशाला? दुखणे थांबले.

अनघा:
दुखणे थांबले म्हणजे खडा गेला असे होत नाही. अडकलेल्या खड्यामागे मूत्रपिंड फुगलेले राहते आणि काही दिवसांनी कळही बंद होते, म्हणून कितीतरी लोकांना मूत्रपिंड निकामी झाल्यावरच हे कळते. काकांची सोनोग्राफी या आठवड्यात करून घ्या, आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सांगलीकर:
सोनोग्राफी करायला सांगतो. लिंबूपाणी मात्र ते सोडणार नाहीत.

अनघा:
सोडायची गरजच नाही. साखर आणि मीठ न घालता घेऊ द्या.