ट्रॅप की कनेक्शन पाईप?

> सिंकखालचं कपाट सारखं ओलं होतंय. ट्रॅप गळतोय की जाळीचा पाईप फुटलाय, कसं ओळखू?

आधी सगळं कोरडं पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि तासभर सिंक वापरूच नका. जाळीच्या पाईपमध्ये, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या कनेक्शन पाईपमध्ये, नळ बंद असतानाही दाब असतो, त्यामुळे कागद भिजला तर दोष बहुधा तिथेच. मात्र सोसायटीचं पाणी चालू असतानाच हे बघा. आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगी रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात, मग पाईप फाटलेला असूनही कागद कोरडाच राहतो.

कागद कोरडा राहिला तर बूच लावून सिंक भरा आणि एकदम सोडा. आता सिंकचं सांडपाणी जातं त्या बाटलीसारख्या भागाच्या, म्हणजे बॉटल ट्रॅपच्या आट्यांभोवती टिश्यू फिरवा. थेंब तिथे आला तर नट उघडून वॉशर बदला. प्लास्टिकच्या आट्या पान्याने आवळू नका, तडकतात.

पाईपचं मात्र टोक बघा. जाळी नटाजवळच्या धातूच्या कड्यात शिरते तिथे गंज किंवा तुटलेली तार दिसली, तर भिंतीतून पाईपला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून पाईपच बदला. एमसील लावून भागत नाही. बारीक भोकातून फवारा मागच्या भिंतीवर उडतो आणि पाणी ट्रॅपवरून ओघळतं, म्हणून प्लंबरही कधीकधी नवा ट्रॅप बसवून जातात.