मदत हवी आहे: शाळेचं वेळापत्रक आणि डायरीतले शेरे अरबीत कसे द्यावेत?

फोंड्याची_आई: आमच्या बिल्डिंगमध्ये येमेनहून एक कुटुंब आलंय. मुलगी माझ्या लेकीबरोबर तिसरीत, मराठी माध्यमात. आईला फक्त अरबी वाचता येतं. वेळापत्रकाचा फोटो मी फोनवरच्या भाषांतर ॲपमधून काढून दिला. त्यात 'मधली सुट्टी'चं 'इजाझा' झालं, म्हणजे रजा. बिचारी १०:२० ला पोरीला न्यायला फाटकापाशी उभी! आता डायरीतही शेरे आलेत: 'गृहपाठ अपूर्ण. पालकांनी भेटावे.' आणि 'वर्गात बोलत नाही.' नीट कसं लिहून देऊ?

रमाकांत_म्हापसा: अरबी उजवीकडून डावीकडे, तेव्हा सोमवार उजव्या टोकाला घ्या. आकडेही उलटे लिहा.

मस्कत_रिटर्न: रकाने उलटे करा हे बरोबर, पण आकडे नकोत. १०:२० अरबीतही डावीकडूनच लिहितात. घोळ होतो तो '८:००-८:४०' मधल्या रेघेचा. ती उजवीकडून वाचेल आणि तास ८:४० ला सुरू होतो असं समजेल. रेघ काढा, 'मिन ८:०० इला ८:४०' अशी वाक्यरचना अरबी अक्षरांत करा. आकडेही अरबी घाला. आपलं शून्य त्यांच्या पाचासारखं गोल दिसतं, आपला एक त्यांच्या नऊसारखा. फोटोतलं १० तिला ९५ वाटू शकतं.

मधल्या सुट्टीला 'इस्तिराहा' लिहा. येमेनात शाळा शुक्रवार-शनिवारी बंद असतात, म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी शाळा आहे की नाही ते वेगळ्या ओळीत सांगा. वारांची नावं पूर्ण लिहा, 'पहिला दिवस' नको: त्यांच्याकडे रविवारच्या नावातच 'पहिला' आहे.

सावर्डेकर: माझ्या भावाचा जन्मदाखला अरबीत करून घेतला तेव्हा नोटरीचा शिक्का लागला होता. तुम्हीही घ्या.

फोंड्याची_आई: दादा, हे घरच्या वापरासाठी आहे, दाखला नव्हे. मस्कतवाले, शेऱ्यांचं काय?

मस्कत_रिटर्न: गृहपाठ म्हणजे 'अल-वाजिब अल-मन्झिली'. नुसतं 'वाजिब' म्हटलं तर कर्तव्य असाही अर्थ होतो. आईला लिहिताना क्रियापद स्त्रीलिंगी घ्या, अरबीत 'भेटा' हे बाई-पुरुषाला वेगळं. आणि 'पालकांनी भेटावे' एवढंच लिहिलं तर ती घाबरेल. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाला भेटायचं ते बाईंना विचारून घाला.

फोंड्याची_आई: आणि 'वर्गात बोलत नाही'?

मस्कत_रिटर्न: हा शेरा मी भाषांतरित करणार नाही. शांत बसते म्हणून कौतुक आहे, की भाषा येत नाही म्हणून गप्प असते ही काळजी? मराठीत दोन्ही बसतं, अरबीत मला एक निवडावं लागेल.

फोंड्याची_आई: खरंय. उद्या शाळा सुटताना बाईंना विचारते. वेळापत्रक आज रात्री हाताने नवं काढते, उत्तर मिळालं की इथे लिहीन. देव बरें करूं.